डुलणारी काडी, झुलणारं पान : प्रकल्प नोंदी

८ जुलै

काडीकिड्यावर हलकी फुंकर मारली की तो अंग डावी-उजवीकडे डुलवतो. पाळणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. बघणारे म्हणतात, "बघा, वाऱ्याने हलणाऱ्या काडीची नक्कल करतोय." मला आधी त्याच्या अलीकडचा प्रश्न सोडवायचा आहे. तो स्वतः हलतो, की त्याचं हलकं अंग वाराच हलवतो? दुसरं खरं असेल, तर नक्कल वगैरे काही नाही, दोरीवरच्या कपड्यासारखीच ती गोष्ट झाली.

आमच्याकडे दोन जाती आहेत. पहिली कॅरॉशियस मोरोसस, म्हणजे प्रयोगशाळांतला नेहमीचा काडीकिडा. मूळचा दक्षिण भारतातल्या पळणी डोंगरांकडचा. पाळलेल्या वंशात जवळपास सगळ्या माद्याच असतात, त्या नराशिवाय अंडी घालतात आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. दुसरी फिलिपिन्समधली पर्णकीटकाची जात, फिलियम फिलिपिनिकम. दोघांनाही ब्रँबलची, म्हणजे रासबेरीच्या कुळातल्या काटेरी झुडपाची पानं चालतात. त्यामुळे एकाच प्रकारच्या फांदीवर दोघांची तुलना करता येईल.

कॅमेरा सई सांभाळणार. माझ्याकडे किडे, फांद्या आणि ही वही.

११ जुलै

आज फक्त बघायचं ठरवलं होतं. दिवसभरात फारसं काही घडलं नाही, आणि बघायचं होतं तेही तेच. कॅरॉशियस दिवसा काडी होऊन पडून राहतो. पुढचे दोन पाय मिशांसकट नाकासमोर सरळ ताणलेले, बाकीचे चार अंगालगत. पुढच्या पायांच्या मांड्यांना मुळाशी आत खाच असते. पाय पुढे जुळवले की डोकं त्या खाचेत बरोबर बसतं, आणि डोकं कुठे संपलं नि पाय कुठे सुरू झाले ते ओळखता येत नाही.

एका मादीचा मधला पाय चिमट्याने हळूच वर उचलून सोडला. तो खाली पडला नाही, जिथे सोडला तिथेच राहिला, जणू मेणाचा. पुढच्या बऱ्याच वेळात तो खाली आला, पण हलताना एकदाही दिसला नाही. सईने दर मिनिटाला एक फोटो घेतला होता. फोटो एकापाठोपाठ लावल्यावरच पाय खाली येताना कळला. या ताठरपणाला कॅटॅलेप्सी म्हणतात. जर्मनीत उलरिख बेस्लर यांनी याच किड्यावर त्याचा बराच अभ्यास केला. पायाच्या मांडीत एक ज्ञानेंद्रिय असतं, सांधा किती आणि किती वेगाने वाकतोय ते सांगणारं. त्याच्या जोरावर स्नायू पायाला इतकं सावकाश परत आणतात की ती हालचाल कुठल्याही पक्ष्याच्या डोळ्यात भरू नये.

म्हणजे या प्राण्याकडे न हलण्याचं शास्त्र एवढं पक्कं आहे. तरीही फुंकर आली की तो हलतो. प्रकल्पाचा पेच इथेच आहे.

१५ जुलै

पहिला प्रयोग फसला. पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर टेबलफॅन ठेवला आणि सुरू केला. पाचही माद्या डुलण्याऐवजी ताठ झाल्या. एक तर पाय आखडून सरळ खाली पडली. सई म्हणाली, "दादा, घाबरल्यात त्या." मी म्हटलं, वाऱ्याला कसं घाबरतील?

घाबरल्या होत्या, पण वाऱ्याला नव्हे. टेबलावर पाण्याचा पेला होता, त्याच्या पाण्यावर बारीक गोल लाटा उठत होत्या. पंख्याच्या मोटरची थरथर टेबलातून फांदीत जात होती. फांदी थरथरते म्हणजे तिच्यावर कोणीतरी येऊन बसलंय, आणि तेव्हा डुलणं कामाचं नाही. तेव्हा गप्प पडून राहणं किंवा सुटून खाली पडणं बरं. पंखा वेगळ्या स्टुलावर नेला आणि पेला टेबलावरच ठेवला. आता पाणी स्थिर असेल तरच चित्रीकरण सुरू करायचं.

तोंडाने फुंकर मारायची नाही हेही ठरलं. श्वास कोमट आणि दमट असतो, आणि पान खायला आलेल्या जनावराचा श्वासही तसाच असतो. कॅमेऱ्याची भिंग साफ करायचा रबरी फुगा मिळाला. तो दाबला की वाऱ्याचा कोरडा, थंड झोत मिळतो.

१६ जुलै

फुग्याचा एक झोत, आणि दुसऱ्याच क्षणाला डुलणं सुरू. पाचपैकी चार माद्या डुलल्या. पाचवी कात टाकायच्या बेतात असावी, तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

डुलताना पंजे जागचे हलत नाहीत. सहाही पाय फांदीला घट्ट, आणि एका बाजूचे सांधे मिटतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे उघडतात. धड त्यामुळे पाळण्यासारखं डावीकडून उजवीकडे आणि परत जातं. पाच-सात झोके, मग लहान होत बंद.

१९ जुलै

चित्रफितींवरून मोजणी केली आणि सेकंदाला दोन झोके असं उत्तर आलं. दिसताना तर ते बरंच संथ वाटलं होतं. मी डोळ्याला दोष दिला, सईने फोनला. बरोबर तीच होती.

किडे संध्याकाळी जास्त जागे असतात म्हणून आम्ही मंद उजेडात चित्रीकरण करत होतो. उजेड कमी झाला की फोन प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो, आणि सेकंदाला ६० ऐवजी ३०च फ्रेम घेतो. सेटिंगमध्ये मात्र ६० लिहिलेलं राहतं. आमच्या फितीत ६ झोके १८० फ्रेममध्ये झाले होते. ६०ने भागलं की ३ सेकंद, म्हणजे सेकंदाला २ झोके. खरा दर ३० असेल तर तेच ६ सेकंद, म्हणजे सेकंदाला १. उत्तर बरोबर दुप्पट चुकलं होतं.

आता दर फितीत फांदीशेजारी सेकंदकाट्याचं घड्याळ ठेवतो, म्हणजे चूक डोळ्यांनाच दिसते. शिवाय मोजण्याआधी फीत खऱ्या वेळेनुसार सारख्या अंतराच्या फ्रेममध्ये पाडून घेतो:

```
ffmpeg -i zoka.mp4 -vf fps=30 frame_%04d.png
```

मग फ्रेमचा क्रमांक भागिले ३०, की सेकंद. फोनने जे टिपलंच नाही ते या आज्ञेने मिळत नाही, पण वेळेचा हिशेब चुकत नाही. आधीच्या सगळ्या आकड्यांवर काट मारली.

२४ जुलै

मूळ प्रश्नाकडे. वारा हलवतो की किडा?

सईने नकली किडा बनवला. गवताची पोकळ काडी, आत मळायच्या मेणाचा गोळा, तारेचे सहा पाय. वजन एक ग्रॅमच्या आसपास आणि लांबी आठ सेंटीमीटर, म्हणजे पूर्ण वाढलेल्या मादीएवढी. खरी आणि नकली एकाच फांदीवर शेजारी ठेवून झोत सोडला. नकली फांदीबरोबर हलला आणि फांदीबरोबरच थांबला. खरी फांदीपेक्षा जास्त हलली आणि तिच्यानंतरही हलत राहिली.

सईला हा पुरावा पुरेसा वाटला. मला नाही. तारेचे पाय ताठ असतात, किड्याचे सांधे सैल असू शकतात. सैल सांध्यांवरचं हलकं अंग आपोआपही जास्त लटपटेल. नक्कल चांगली जमली म्हणून नियंत्रण चांगलं झालं असं होत नाही.

२६ जुलै

रात्री यावर दुसरी वाट सुचली. किड्याला बदलणं कठीण आहे, पण फांदीला बदलता येतं.

फांदीच्या झोक्याची गती तिच्या ताठपणावर, वजनावर आणि मोकळ्या लांबीवर ठरते. एका टोकाला पकडलेली एकसारख्या जाडीची दांडी घेतली तर लांबी निम्मी केल्यावर झोक्याचा वेग चौपट होतो. ब्रँबलची फांदी टोकाकडे निमुळती असते आणि पानांचं वजनही असतं, म्हणून नेमकं चौपट होणार नाही, पण बदल मोठा असेल. किड्याचं डुलणं म्हणजे फांदीचंच हलणं असेल, तर फांदी बदलल्यावर त्याची गतीही बदलायला हवी.

३० जुलै

तीच फांदी, तीच मादी. आधी मोकळी लांबी ३० सेंटीमीटर, मग शिकंजात पुढे सरकवून १५.

लांब असताना फांदी बोटाने ओढून सोडली तर सेकंदाला साधारण दीड झोका घेत होती. आखूड केल्यावर पाचच्या आसपास, म्हणजे चौपट नाही पण तिपटीहून जास्त. मादी मात्र लांब फांदीवर सेकंदाला एकाच्या आसपास डुलली, आणि आखूड फांदीवरही तेवढीच. फांदीचा ठेका तिने घेतलाच नाही.

शेवटी तिला लोखंडी सळईवर बसवलं. सळई फुग्याच्या झोताने तसूभरही हलत नाही. झोत सोडला, ती डुलली. त्याच ठेक्यात.

मग वारा फक्त इशारा देतो. झोके तिचे स्वतःचे. १९७१ मध्ये रुपरेख्त यांनी याच जातीबद्दल 'हालचालीची नक्कल' असा शब्द वापरला होता. आता तो शब्द मीही जरा कमी संकोचाने लिहू शकतो.

पण यातून एक अडचणही निघाली. सळईवर डुलणारी काडी ही वाईट नक्कल आहे. आजूबाजूला काहीच हलत नसताना एकटीच हलते. तिला त्याचा पत्ता नाही. अंगावर वारा लागला म्हणजे पानंही हलत असणार, एवढं तिला पुरतं. खऱ्या झुडपात हे गृहीतक बहुतेक वेळा खरं ठरतं.

३ ऑगस्ट

ठेका फांदीशी जुळत नाही तर नक्कल कशी? दोन दिवस हे डोक्यात होतं. आज पिंजऱ्याबाहेरच्या मोठ्या झुडपावर पंखा सोडून फीत घेतली आणि किड्यांऐवजी पानं मोजली. लांब कोवळी टोकं संथ हलतात, जाड बुंधे हलतच नाहीत. छोटं पान देठावर भुरभुरतं, मोठं पान वजनाने जड झोके घेतं. एकाच झुडपात, एकाच वाऱ्यात सेकंदाला एक झोक्यापासून सहा-सातपर्यंत सगळं सापडलं. 'पानाचा ठेका' नावाची एक गोष्ट नसतेच. बघणाऱ्याच्या डोळ्याला एक गर्दी दिसते, आणि किड्याचा झोका त्या गर्दीत कुठेतरी बसला की झालं. कॅरॉशियसचा झोका संथ टोकाला बसतो, तिथे लांब टोकं आणि देठ आहेत.

ऑस्ट्रेलियात झ्यू बियान, मार्क एल्गर आणि रिचर्ड पीटर्स यांनी एक्स्टाटोसोमा टियारॅटम या काट्याकाट्यांच्या, वाळक्या पानासारख्या दिसणाऱ्या मोठ्या जातीवर हेच काम फार नीट केलंय. त्यांचा लेख २०१६ चा. त्यांनीही वाऱ्याला मिळणारा प्रतिसाद तपासला आणि किड्याचं डुलणं झाडांच्या हलण्याशी ताडून पाहिलं. आमचा सळईचा उद्योग त्यामानाने पोरखेळ, पण दिशा तीच निघाली म्हणून बरं वाटलं.

९ ऑगस्ट

पंखा सलग चालू ठेवला तर? पहिल्या मिनिटात जोरात डुलणं, मग मधूनमधून, आणि पाचव्या मिनिटाला सगळ्या स्वस्थ. वारा तेवढाच होता. पंखा बंद करून दोन मिनिटांनी पुन्हा लावला की पुन्हा डुलणं.

वाराच अंग हलवत असता तर वारा आहे तोवर हलणं चाललं असतं. त्यामुळे २४ तारखेच्या शंकेलाही हे दुसरं उत्तर मिळालं. मला वाटतं पंख्याचा वाराच त्यांना अनोळखी आहे. बाहेरचा वारा झुळुकीने येतो, जातो, पुन्हा येतो. यापुढे पंख्यासमोर पुठ्ठा धरून काढायचा, म्हणजे झुळूक मिळेल. पुठ्ठा धरायचं काम सईने माझ्याकडे दिलंय.

१७ ऑगस्ट

पर्णकीटकांची पाळी. अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं तपकिरी-लालसर असतात आणि थांबतच नाहीत. भिंतीवर, झाकणावर, माझ्या मनगटावर. पानासारखी दिसत नाहीत, पानासारखी वागतही नाहीत. पानं खायला लागल्यावर अंग हळूहळू हिरवं होतं आणि धावपळ कमी होते. मग डुलणं दिसू लागतं.

पूर्ण वाढलेली मादी मात्र थक्क करते. पोट रुंद आणि चपटं. त्यावर दोन पुढचे पंख असे जुळलेले की त्यांच्या शिरा मिळून पानाची मधली शीर आणि फाटे तयार होतात. उडणं तिला जमत नाही, ते पंख फक्त पान दिसण्यासाठी. पायांनाही पापुद्रे, त्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या. काहींच्या अंगावर वाळल्यासारखे तपकिरी डाग असतात. नर सडपातळ, लांब मिशांचा, आणि उडतो.

२० ऑगस्ट

पाऊस. फितींना उजेड नाही, म्हणून वाचन.

जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीत पर्णकीटकाचा एक जीवाश्म सापडला, इओफिलियम मेसेलेन्सिस. त्याचं वर्णन २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. वय सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षं. तो नर आहे आणि पोट आजच्यासारखंच पसरट, पानासारखं. आकार दगडात उमटला. तो डुलत होता की नाही हे दगड सांगत नाही. सईचं म्हणणं, "पान होऊन बसायचं आणि वाऱ्यात हलायचं नाही, असं कोण करेल?" तर्क चांगला आहे, पण वहीत पुरावा म्हणून लिहिणार नाही.

२८ ऑगस्ट

पर्णकीटक मादीवर काडीकिड्याचा हिशेब लागू पडत नाही. तिचं रुंद अंग शिडासारखं वारा धरतं. फांदीखाली उलटी लटकलेली असते, तेव्हा वाऱ्याने हललेलं किती आणि स्वतः हलवलेलं किती, हे एका फितीत वेगळं करता येत नाही.

पुन्हा सळईच कामी आली, पण वेगळ्या पद्धतीने. झोत मादीच्या अंगावर न सोडता फक्त मिशा आणि डोक्याच्या बाजूने, पेंढ्याच्या बारीक नळीतून सोडला. एवढ्या झोताने तिचं पोट हलू शकत नाही. आधी कागदाचं तेवढंच पान टांगून खात्री केली, ते हललं नाही. मादी हलली. संपूर्ण अंग एका बाजूला, थांबून, परत दुसऱ्या बाजूला. कॅरॉशियसपेक्षा झोका मोठा आणि संथ. दहापैकी सहा वेळा. उरलेल्या चार वेळी तिने काहीच केलं नाही, आणि त्यापैकी तीन दुपारच्या होत्या.

सहा-चार हा आकडा दोनच माद्यांवरचा आहे. त्यावर काही उभारायचं नाही.

५ सप्टेंबर

पिंजऱ्यात झुळूक देताना सईला एक गोष्ट दिसली. मला ती आठवडाभर दिसली नव्हती. कॅरॉशियस संध्याकाळी चरायला निघते तेव्हा चालतानाही डुलते. पाऊल, झोका, पाऊल, झोका. झुळूक असताना ती जास्त पुढे सरकते असं सईला वाटतं. हलायचंच असेल तर सगळं झुडूप हलत असताना हललेलं बरं, हे पटण्यासारखं आहे. पण 'वाटतं' याला मोजणी लागते. चार संध्याकाळी मोजलं, दोन दिवस तिच्या बाजूने, दोन विरुद्ध. सोडून दिलं.

दुसरी एक शक्यताही तशीच उघडी ठेवतो. टोळ आणि खंडोबाचा किडा डोकं डावी-उजवीकडे हलवून अंतर मापतात, कारण आपण हललो की जवळची वस्तू लांबच्या वस्तूपेक्षा जास्त सरकलेली दिसते. काडीकिड्याच्या झोक्यातही थोडं बघणं मिसळलेलं असू शकतं. आम्ही काळोखात ते करून पाहू शकलो असतो, पण मग कॅमेऱ्यालाही काळोखच.

१३ सप्टेंबर

लपलेलं कोणापासून, हा प्रश्न उरतो. पक्षी आणणार नव्हतो. घरातल्या सहा जणांना फिती दाखवल्या आणि किडा कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगितलं. फितीत एकेक मादी, ब्रँबलची दाट फांदी, झुळूक ये-जा करणारी. माणसाचा डोळा म्हणजे पक्ष्याचा डोळा नव्हे, आणि माझे नातेवाईक म्हणजे तर नव्हेच.

झुळूक चालू असताना कोणालाच पटकन सापडली नाही. वारा अजिबात नसलेल्या फितीतही फारशी नाही. सापडली ती झुळूक थांबल्यावर. पानं एक-दोन झोक्यांत विसावतात, आणि ती तीन-चार सेकंद आणखी डुलत राहते. आजीने तर दोनदा बरोबर त्याच क्षणी बोट ठेवलं. "ही एकटीच अजून हलतेय," म्हणाली.

मग सगळ्या फिती याच एका गोष्टीसाठी पुन्हा पाहिल्या. झुळूक गेल्यावर पान किती वेळाने थांबतं, मादी किती वेळाने. २२ फितींपैकी १७ मध्ये मादी उशिरा थांबली. तो उशीर जवळजवळ नेहमीच पाच सेकंदांच्या आत होता. मात्र शेवटचे झोके लहान लहान होत जातात, अचानक थांबत नाहीत. पानाचा झोकाही असाच विरत जातो. तिचा विरायला जास्त वेळ लागतो, एवढाच फरक.

१४ सप्टेंबर

वरच्या २२ फितींतल्या ९ मध्ये फांदी शिकंजात घट्ट होती, हे रात्री लक्षात आलं. घट्ट पकडलेली आखूड फांदी लवकर विसावते, म्हणून तिथे मादीचा उशीर फुगून दिसतो. त्या ९ बाजूला काढल्या. उरलेल्या १३ मध्ये मादी ८ वेळा उशिरा थांबली, आणि उशीरही कमी. आजीने ज्या दोन फितींत बोट ठेवलं होतं त्या दोन्ही शिकंजाच्याच.

झुडूप मुळासकट कुंडीत लावून पुन्हा चित्रीकरण करायचं. कुंडी सई आणणार आहे. पिंजऱ्याच्या तळाशी दरम्यान अंडी टपटप पडताहेत, बारीक तपकिरी बियांसारखी, एका टोकाला फिकट टोपी. मातीत मिसळली की शोधायला मलाच पाच मिनिटं लागतात.